'कदाचित', 'शक्यता आहे', 'असं वाटतं': रिसर्च पेपरमधली धूसर वाक्यं स्पष्ट कशी करायची?

डार्क मोड लावला की फोनची बॅटरी खरंच वाचते का? समजा, एका संशोधक विद्यार्थिनीने हे मोजून पाहिलं आणि तिच्या पेपरच्या ड्राफ्टमध्ये निष्कर्ष असा लिहिला:

"आमच्या मर्यादित निरीक्षणांवरून असं वाटतं की, डार्क मोडमुळे काही प्रमाणात कदाचित बॅटरीची बचत होऊ शकण्याची शक्यता असावी."

एका वाक्यात शंकेचे किती शब्द आले बघा: मर्यादित, असं वाटतं, काही प्रमाणात, कदाचित, होऊ शकण्याची, शक्यता, असावी. सात! अशा सावध भाषेला इंग्रजीत 'हेजिंग' म्हणतात. थोडं हेजिंग प्रत्येक पेपरमध्ये लागतंच. पण इथे वाचणाऱ्याच्या हातात काय पडलं? बॅटरी वाचली की नाही, किती वाचली, आणि लेखिकेला नेमकी शंका कशाची आहे, यातलं काहीच कळत नाही.

एक सोपी टेस्ट करून बघा. वाक्य वाचायचं आणि विचारायचं, "कोणता निकाल आला असता तर हे वाक्य खोटं ठरलं असतं?" वरच्या वाक्याला उत्तरच नाही. बचत झाली तरी ते बरोबर, नाही झाली तरी बरोबर. जे वाक्य कधीच चुकू शकत नाही, ते काही सांगतही नाही.

आधी आकडे बघूया

आपल्या उदाहरणातला प्रयोग असा (आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत). २० फोन, सगळे ओलेड स्क्रीनचे. प्रत्येक फोनवर एकच न्यूज ॲप, एक तास लाइट मोडमध्ये आणि एक तास डार्क मोडमध्ये. ब्राइटनेस १०० टक्के. लाइट मोडमध्ये बॅटरी सरासरी १४ पॉइंट उतरली, डार्क मोडमध्ये ९.५ पॉइंट. इथे पॉइंट म्हणजे बॅटरीच्या आकड्यातला एक टक्का. फरक ४.५ पॉइंट.

सगळ्या फोनांवर फरक सारखा नव्हता. त्या चढउताराचा हिशोब करून ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला, तर तो ३.६ ते ५.४ येतो. याचा अर्थ, हाच प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी अशीच रेंज काढली, तर १०० पैकी साधारण ९५ वेळा खरा आकडा त्या रेंजमध्ये सापडेल.

मग तिने हाच प्रयोग ४० टक्के ब्राइटनेसवर केला. तिथे फरक फक्त ०.६ पॉइंट आला आणि रेंज आली उणे ०.३ ते १.५.

आता लक्षात येईल की पहिल्या निकालात शंका कमी आहे आणि दुसऱ्यात बरीच. पण ड्राफ्टमध्ये दोन्हींसाठी एकच 'कदाचित' वापरला होता. जास्त हेजिंगचा खरा तोटा हाच: सगळीकडे सारखी शंका लिहिली की खरी शंका कुठे आहे ते लपून जातं.

प्रत्येक 'कदाचित'ला विचारा: कशाबद्दल?

ड्राफ्ट उघडा आणि 'फाइंड'मध्ये कदाचित, शक्यता, असावं, वाटतं असे शब्द शोधा. पेपर इंग्रजीत असेल तर मे, माइट, कुड, पॉसिबली, सजेस्ट हे शब्द शोधा. एकेकापाशी थांबून विचारा, "मला इथे नेमकी खात्री कशाची नाही?" उत्तर बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं.

पहिलं: खात्री आहे, फक्त भीती वाटते. "आमच्या २० फोनांवर बॅटरी सरासरी ४.५ पॉइंट कमी उतरली असावी" या वाक्यात 'असावी' कशाला? हे तर मोजलंय. आपण जे मोजलं ते साध्या भूतकाळात लिहायचं: "कमी उतरली." इथला शंकेचा शब्द सरळ डिलीट.

दुसरं: आकडा नक्की माहीत नाही. इथे 'काही प्रमाणात' काढा आणि त्या जागी रेंज लिहा: "३.६ ते ५.४ पॉइंट." शंका तशीच राहिली, पण आता ती केवढी आहे हे वाचणाऱ्याला दिसतं.

तिसरं: निकाल दुसरीकडे लागू होईल का, किंवा कारण तेच आहे का, हे माहीत नाही. इथे 'कदाचित'च्या जागी अट लिहायची. ओलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळा पिक्सेल जवळपास बंदच असतो, म्हणून डार्क मोडमध्ये वीज वाचते. एलसीडी स्क्रीनमागे बॅकलाइट असतो. स्क्रीनवर काळं दिसलं तरी तो चालूच राहतो. म्हणून "हा निकाल ओलेड फोनांचा आहे, एलसीडी फोन आम्ही तपासले नाहीत" असं लिहिलं की झालं.

कधी कधी 'कदाचित'च्या मागे खरी चूक सापडते

समजा आपण त्या विद्यार्थिनीला विचारलं, "१०० टक्के ब्राइटनेसचा निकाल तर स्पष्ट आहे. मग 'कदाचित' का लिहिलंस?" ती म्हणाली, "सगळ्या फोनांवर मी आधी लाइट मोडचा तास घेतला आणि मग डार्क मोडचा. ते जरा मनात खटकत होतं."

हा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. बॅटरीचा आकडा एकसारख्या वेगाने उतरत नाही. बरेच फोन फुल चार्जनंतर काही वेळ १०० वरच अडकून राहतात. तसं झालं असेल, तर पहिल्या तासात बॅटरी आहे त्यापेक्षा कमी उतरलेली दिसेल आणि खरी बचत ४.५ पेक्षा जास्त असेल. दुसऱ्या तासात फोन आधीच तापलेला असतो, त्याचाही परिणाम होऊ शकतो. यासाठी अर्ध्या फोनांवर लाइट आधी आणि अर्ध्यांवर डार्क आधी, असं करायला हवं होतं.

आणि एक गोष्ट: ३.६ ते ५.४ या रेंजमध्ये ही शंका धरलेलीच नाही. ती रेंज फक्त फोनाफोनातल्या चढउताराची आहे. क्रम चुकला असेल तर वीसऐवजी दोन हजार फोन घेतले तरी रेंज अरुंद होईल, चूक मात्र तशीच राहील. म्हणून ही गोष्ट वेगळ्या वाक्यात लिहावीच लागते. 'कदाचित' हा एक शब्द ते काम करू शकत नाही.

उलट चूकही करू नका

हेजिंग कमी करायचं म्हणून काही जण सगळेच शंकेचे शब्द उडवतात. मग ४० टक्के ब्राइटनेसचा निकाल असा होतो: "कमी ब्राइटनेसवर डार्क मोडचा काही फायदा नाही." हे चूक आहे. रेंज उणे ०.३ ते १.५ आहे. त्यात शून्य आहे, तसा दीड पॉइंटही आहे. म्हणजे फायदा नाही असं सिद्ध झालेलं नाही. फायदा आहे की नाही हे या डेटावरून ठरत नाही, एवढंच म्हणता येतं. पण एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते: फायदा असलाच तर तो दीड पॉइंटपेक्षा फार मोठा असण्याची शक्यता कमी आहे. बघा, इथे 'शक्यता' हा शब्द आला आणि तो योग्य जागी आहे.

आता पूर्ण परिच्छेद पुन्हा लिहूया:

"२० ओलेड फोनांवर, १०० टक्के ब्राइटनेसला, डार्क मोडमध्ये एका तासात बॅटरी सरासरी ४.५ पॉइंट कमी उतरली (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ३.६ ते ५.४). ४० टक्के ब्राइटनेसला फरक ०.६ पॉइंट होता (उणे ०.३ ते १.५). तिथे बचत होते की नाही हे या डेटावरून सांगता येत नाही. सर्व फोनांवर लाइट मोडची चाचणी आधी झाली, त्यामुळे फरकाचा आकडा थोडा कमी-जास्त असू शकतो. एलसीडी फोन तपासलेले नाहीत."

'असू शकतो' एकदाच आलं, आणि का आलं ते त्याच वाक्यात लिहिलेलं आहे. मूळ वाक्यापेक्षा हा परिच्छेद जास्त ठाम आहे आणि जास्त प्रामाणिकही.

चुकीच्या निकालाचीही चांगली मांडणी

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी एक थक्क करणारा निकाल जाहीर केला. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून सुमारे ७३० किलोमीटर दूर, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेकडे पाठवलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६०.७ नॅनोसेकंद आधी पोहोचले होते! आइनस्टाइनच्या सिद्धांताला धक्का देणारी गोष्ट.

त्यांनी ती कशी लिहिली? आकडा सरळ दिला. त्याच्यासोबत दोन वेगळ्या शंका दिल्या: मोजमापातल्या चढउतारामुळे ±६.९ आणि उपकरणांच्या माहीत असलेल्या त्रुटींमुळे ±७.४. मग लिहिलं की अजून न सापडलेली एखादी त्रुटी असू शकते, म्हणून तपास चालू ठेवत आहोत. आणि या निकालाचा सैद्धांतिक अर्थ लावायचं त्यांनी मुद्दाम टाळलं.

पुढे २०१२ मध्ये कारण सापडलं. वेळेचा सिग्नल आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. दुरुस्तीनंतर न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाशी जुळला. म्हणजे निकाल चुकला, पण पेपरने दाखवलेली शंकेची जागा बरोबर निघाली. आकड्यावरच 'कदाचित' शिंपडला असता, तर इतरांना नेमकं काय तपासायचं हे कळलं नसतं.

ड्राफ्ट पाठवण्याआधी

- एका दाव्याला शंकेचा एकच शब्द. 'कदाचित होऊ शकण्याची शक्यता' दिसलं की दोन शब्द कापा.
- मोजलेल्या गोष्टीला शंका जोडू नका. अर्थ लावताना जोडा.
- 'थोडं', 'काही प्रमाणात' दिसलं की तिथे आकडा किंवा रेंज बसते का बघा.
- शंकेचा शब्द ठेवलात तर त्याचं कारण त्याच किंवा पुढच्या वाक्यात द्या. कारण सुचत नसेल, तर तो शब्द काढा.
- रेंजमध्ये शून्य असेल तर 'फरक नाही' लिहू नका, 'फरक आहे की नाही ते ठरत नाही' असं लिहा.