गणिताला न आवरणारी वाढ

गणकयंत्राचे अगदी साधे रूप कल्पनेत आणावे. दोन्ही दिशांना अनंत पसरलेली, चौकटींची एक फीत. प्रत्येक चौकटीत प्रारंभी शून्य. आणि एका वेळी एकच चौकट वाचणारे यंत्र. यंत्राच्या अवस्था मोजक्याच. अवस्था आणि वाचलेला अंक पाहून ते नवा अंक लिहिते, एक घर सरकते व पुढील अवस्थेत जाते, किंवा थांबते. १९६२ साली टिबॉर राडो या गणितज्ञाने विचारले : इतक्या अवस्थांचे, पण अखेर थांबणारे यंत्र जास्तीत जास्त किती एक लिहू शकेल? या संख्येच्या शोधाला त्याने अखंड खपणाऱ्या बीव्हर या प्राण्याचे नाव दिले.

दोन अवस्थांचा विजेता बडोद्यातील शाळकरी मुलगाही चौकटीच्या वहीवर चालवू शकेल. पहिल्या अवस्थेत शून्य दिसले तर एक लिहून उजवीकडे, एक दिसला तर तो तसाच ठेवून डावीकडे. दोन्ही वेळा पुढे दुसरी अवस्था. दुसऱ्या अवस्थेत शून्य दिसले तर एक लिहून डावीकडे व पुन्हा पहिली. एक दिसला तर थांबावे. सहाव्या पावली यंत्र थांबते आणि फितीवर चार एक उरतात. तीन अवस्थांचे उत्तर सहा, चारांचे तेरा. पाचांचे ४०९८, तेथील सर्वांत दीर्घ काळ चालून थांबणारे यंत्र ४,७१,७६,८७० पावले टाकते. हे २०२४ मध्ये सिद्ध झाले. अडचण अशी की, एखादे यंत्र चालतच राहिले तर ते पुढे थांबणार आहे की कधीच नाही, हे केवळ पाहत बसून कळत नाही.

ही वाढ कोणत्याही गणनीय सूत्राला मागे टाकते, ती कशी? सतत चढत जाणारे कोणतेही गणनीय सूत्र घ्यावे. त्याचे उत्तर तितक्या एकांच्या रूपात लिहून थांबणारे यंत्र असतेच. त्याच्या अवस्था ठरलेल्या. त्याआधी एकांची संख्या दुप्पट करणारे यंत्र जोडावे. त्याच्याही अवस्था ठरलेल्या. दोन्ही मिळून शंभर समजा. आता हजार अवस्था वापरून फितीवर हजार एक लिहावेत, ते दुप्पट करावेत आणि दोन हजारांवर सूत्र चालवावे. अवस्था झाल्या अकराशे. लिहिले गेले ते दोन हजारांचे उत्तर. म्हणजे अकराशे अवस्थांचा विजेता निदान तेवढे लिहीलच, आणि सूत्राचे अकराशेचे उत्तर त्याहून लहान आहे. हजाराऐवजी शंभराहून मोठी कोणतीही संख्या घेतली तरी हाच निष्कर्ष.

सूत्र अधिक वेगवान निवडले तर शंभराच्या जागी दुसरा आकडा येईल, एवढेच. त्या आकड्यापलीकडे विजेता पुढे जातोच. म्हणून ही संख्या प्रत्येक अवस्थासंख्येसाठी काढून देणारी एकच रीत असू शकत नाही. एकेक उत्तर मात्र स्वतंत्र पुराव्याने जिंकावे लागते.