घर पुण्यात, फाइल नागपुरात

नागपूरची नोकरी सोडून पुण्यात आलेली एक अभियंता डोळ्यांसमोर आणा. आधारवरचा पत्ता बदलला, बँकेत बदलला, पॅनवरही बदलून घेतला. तीन वर्षांनी आयकर खात्याकडून 18,400 रुपये भरण्याची मागणी आली. मालकाने कापलेला कर हिशेबात धरलाच गेला नव्हता. दुरुस्तीचा अर्ज केला, तेव्हा कळले की निर्णय तिच्या आयकर अधिकाऱ्याच्या हातात आहे आणि तो अधिकारी अजून नागपूरचाच आहे.

अनेकांची गफलत इथेच होते. पॅनवरचा पत्ता बदलला म्हणून अधिकारी आपोआप बदलत नाही. प्रत्येक पॅन एका ठरावीक वॉर्डाला किंवा सर्कलला जोडलेला असतो आणि ती जोडणी वेगळी बदलून घ्यावी लागते. विवरणपत्र ऑनलाइन भरले जाते, त्यावरची प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते, त्यामुळे वर्षानुवर्षे काही अडत नाही. अडते ते जुनी थकबाकी, रखडलेला परतावा किंवा अधिकाऱ्याकडे सोपवलेली दुरुस्ती निघाली की.

आपला अधिकारी कोण, हे incometax.gov.in वर Know Your AO या दुव्यावर पॅन आणि मोबाइल क्रमांक टाकून पाहता येते. तिथे वॉर्ड, कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल दिसतो. हे पान छापून ठेवावे, अर्जाला लागते.

त्यानंतर साधे पत्र लिहायचे. जुना पत्ता, नवा पत्ता, स्थलांतराची तारीख आणि ‘माझा पॅन आपल्या कार्यक्षेत्रात वर्ग करावा’ ही विनंती, एवढे त्यात पुरे. पत्र नव्या शहरातल्या अधिकाऱ्याला द्यावे आणि त्याची प्रत जुन्या अधिकाऱ्याला. सोबत पॅनची प्रत, वीजबिल किंवा भाडेकरारासारखा नव्या पत्त्याचा पुरावा आणि शेवटच्या विवरणपत्राची पोच जोडावी. कार्यालयाचा शिक्का असलेली पोच मात्र घेतल्याशिवाय परतू नये, कारण पाठपुरावा तिच्याच आधारावर होतो.

पुढचे काम खात्याच्या संगणकप्रणालीत चालते. नवा अधिकारी पॅनची मागणी करतो, जुना तो सोडतो, वरिष्ठांची मंजुरी लागते. गाडी बहुतेकदा जुन्या कार्यालयात अडते. एखादी कारवाई चालू असेल, तर ती संपेपर्यंत पॅन सोडायला ते कचरतात. पत्र देऊनही हालचाल दिसली नाही, तर त्याच संकेतस्थळावर पोचपावती जोडून तक्रार नोंदवता येते.

पॅन वर्ग झाला म्हणून मागणी पुसली जात नाही, ती पॅनबरोबर नव्या अधिकाऱ्याकडे येते. वरच्या उदाहरणातल्या अभियंत्याला 18,400 रुपयांच्या मागणीवर पोर्टलवर असहमती नोंदवून कापलेल्या कराचा पुरावा तरीही द्यावाच लागेल. फरक एवढाच, की समक्ष जायची वेळ आली तर नागपूरचे तिकीट काढावे लागणार नाही.

काही आठवड्यांनी Know Your AO पुन्हा उघडून पाहावे. तिथे नव्या शहराचा वॉर्ड दिसला, तरच बदली झाली असे समजावे.