रिव्ह्यूअरला उत्तर देताना: २४० मुलं की ६ तुकड्या?

जर्नलकडून ‘मेजर रिव्हिजन’चा मेल आला की बहुतेक जण आधी पेपर उघडून दुरुस्त्या करायला बसतात आणि उत्तराचं पत्र शेवटच्या रात्री उरकतात. एडिटर मात्र बहुतेक वेळा आधी ते पत्रच वाचतो, आणि पेपर परत रिव्ह्यूअरकडे गेला तर तोही तिथूनच सुरुवात करतो. त्यामुळे आज फक्त या पत्राबद्दल. पत्र अर्थातच इंग्रजीत जातं, पण त्यामागचा विचार कळावा म्हणून नमुने मराठीत देते आहे.

उदाहरण म्हणून एक पेपर घेऊ. किशोरवयीन मुलांच्या शिकण्यावरचा, आपल्याकडे एम.एड. आणि पीएच.डी.त नेहमी दिसतो तसा. नववीच्या सहा तुकड्या, प्रत्येकीत ४० मुलं. तीन तुकड्यांना विज्ञानाचा धडा झाल्यावर दर आठवड्याला छोटी, बिनगुणांची चाचणी दिली. उरलेल्या तिघींनी तेवढाच वेळ धडा पुन्हा वाचला. आठवून पाहिल्याने शिकलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर दाखवलं होतं. आपल्या कल्पित लेखिकेला तेच नववीच्या वर्गात पाहायचंय. शेवटच्या ३० गुणांच्या परीक्षेत चाचणीवाल्या मुलांची सरासरी ३ गुणांनी जास्त आली. गुणांचं प्रमाण विचलन ६. तिने १२० विरुद्ध १२० अशी टी-टेस्ट केली, टी आला ३.८७. निकाल ठणठणीत.

दुसऱ्या रिव्ह्यूअरची टीका अशी: “लेखिकेने तुकड्यांना गटांत टाकलं, पण विश्लेषण मात्र एकेका मुलाचं केलं. निष्कर्ष विश्वासार्ह वाटत नाहीत.”

वाचायला कडू आहे, पण रिव्ह्यूअर बरोबर आहे. एका तुकडीतली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, एकाच वेळी दंगा करतात, काही शाळांत तर गुणांप्रमाणेच तुकड्या पाडलेल्या असतात. म्हणजे त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात, आणि ४० मुलांकडून ४० मुलांइतकी नवी माहिती मिळत नाही. हा सारखेपणा किती, ते आयसीसी नावाच्या आकड्यात मोजतात. समजा तो ०.१५ निघाला. मग डिझाइन इफेक्ट काढायचा. खालच्या सूत्रात m म्हणजे तुकडीतली मुलं:

```
1 + (m - 1) × ICC = 1 + 39 × 0.15 = 6.85
```

२४० ला ६.८५ ने भागा. उरतात साधारण ३५. कागदावर २४० मुलं, माहिती मात्र ३५ मुलांएवढी! प्रमाण त्रुटीही ६.८५ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.६ पटीने वाढते: ०.७७ ची २.०३ होते. टी ३.८७ वरून १.४८ वर येतो. आणि तुलना आता खरं तर तीन तुकड्या विरुद्ध तीन तुकड्या अशी असल्याने स्वातंत्र्यांश फक्त ४, म्हणजे टी २.७८ च्या वर असायला हवा. तो नाही. फरक ३ गुणांचाच राहतो, पण त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे २.६ पासून ८.६ पर्यंत पसरतो.

इथे पत्राची खरी परीक्षा आहे. मोह असा होतो की “आम्ही मल्टिलेव्हल मॉडेल वापरलं असून निष्कर्ष साधारण तसेच आहेत” असं लिहून मोकळं व्हावं. निष्कर्ष तसेच नाहीत, आणि रिव्ह्यूअर नवा तक्ता उघडून पाहणारच आहे. शिवाय सहाच गट असताना साधं मल्टिलेव्हल मॉडेलही त्रुटी कमी दाखवू शकतं. त्यासाठी केनवर्ड-रॉजरसारखी दुरुस्ती लावावी लागते किंवा सरळ तुकड्यांच्या सरासरींवर काम करावं लागतं. मी असं उत्तर लिहीन:

“हा मुद्दा योग्य आहे. गट तुकडीनुसार ठरल्याने विश्लेषणही तुकडीच्या पातळीवर हवं होतं. आम्ही सहा तुकड्यांच्या सरासरींवर ते पुन्हा केलं आहे (तक्ता ३, पान ११). फरक ३ गुणांचाच आहे, पण त्याचा अंतराल शून्याला सामावून घेतो. त्यामुळे ‘चाचण्यांनी शिकणं सुधारतं’ हे वाक्य सारांशातून आणि चर्चेतून काढलं असून, परिणामाची दिशा अपेक्षेप्रमाणे दिसते पण सहा तुकड्यांवरून तो निश्चित सांगता येत नाही, असं लिहिलं आहे.”

यात ‘आपल्या अमूल्य सूचनेबद्दल शतशः आभार’ नाही. सभ्यपणा पहिल्या चार शब्दांत आहे, आणि बाकी सगळं काय केलं, कुठे केलं, त्याने काय बदललं याबद्दल आहे. प्रत्येक मुद्द्याला आभार मानत गेलं की दहाव्या मुद्द्यापर्यंत ते आभार खोटे वाटायला लागतात. एकदा, पत्राच्या सुरुवातीला, पुरे.

(मुलांचे आधीच्या सत्राचे गुण हाताशी असतील तर ते मॉडेलमध्ये घ्या. तुकड्यांमधला मूळचा फरक त्याने बराच धुऊन निघतो आणि अंतराल अरुंद होऊ शकतो. पण हे विश्लेषण नंतर सुचलेलं आहे, हे पत्रात आणि पेपरमध्ये दोन्हीकडे सांगा.)

आता नकार द्यावा लागतो अशी टीका. पहिला रिव्ह्यूअर म्हणतो, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेऊन परिणाम टिकतो का ते दाखवा. मागणी चांगलीच आहे, पण मुलं दहावीत गेली, तुकड्या नव्याने पाडल्या, आणि दुसऱ्या गटालाही मधल्या काळात त्याच चाचण्या देऊन झाल्या. “वेळेअभावी शक्य नाही” हे उत्तर अपुरं, कारण ते तुमच्या सोयीबद्दल बोलतं. असं लिहा: “टिकण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मात्र अभ्यासानंतर नियंत्रण गटालाही चाचण्या दिल्या गेल्या, त्यामुळे आता घेतलेल्या मोजणीतून दोन गटांची तुलना होणार नाही. म्हणून शीर्षकातला ‘दीर्घकालीन’ हा शब्द काढला आहे आणि मर्यादांमध्ये हे स्पष्ट केलं आहे (पान १६).” नकार कारणासह आहे, आणि सोबत दावाही आखडता घेतलाय. एडिटरला हे दिसतं. नुसता नकार आणि दावा मात्र जसाच्या तसा, तिथे तो अडतो.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चिडवणारा: जे पेपरमध्ये आहेच, ते नाही म्हणून टीका. “दोन्ही गटांना वेगळे शिक्षक होते का, हे दिलेलं नाही.” पान ६ वर दिलंय की! तरी “पान ६ वर आधीच नमूद आहे” असं लिहू नका. ते वाक्य लांबलचक परिच्छेदाच्या पोटात दडलं असेल, तर रिव्ह्यूअरसारखेच बाकीचे वाचकही ते चुकवणार. वाक्य उचलून परिच्छेदाच्या सुरुवातीला आणा आणि कळवा: “ही माहिती ठळकपणे येत नव्हती, आता पद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात दिली आहे.” खरं तेवढंच सांगितलं, आणि कुणाचा निष्काळजीपणा दाखवून दिला नाही.

दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या उलट बोलले, एक म्हणाला प्रस्तावना कमी करा आणि दुसरा म्हणाला वाढवा, तर दोघांना वेगवेगळं खूश करायला जाऊ नका. एक निर्णय घ्या, दोन्ही उत्तरांत तोच लिहा, आणि एडिटरला उद्देशून लिहिलेल्या भागात हा विरोध एका ओळीत सांगा. असा पेच सोडवणं त्याचंच काम आहे.

मांडणीचं थोडक्यात. रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवा, गाळू नका, सौम्य करू नका. खाली तुमचं उत्तर, आणि बदललेला मजकूर पत्रातच चिकटवा, म्हणजे त्याला फाइल शोधत बसावं लागत नाही. पान आणि ओळींचे आकडे सगळ्यात शेवटी भरा. ट्रॅक चेंजेस चालू असलेल्या फाइलमध्ये आणि स्वच्छ फाइलमध्ये ते वेगळे येतात, तेव्हा कुठल्या फाइलचे आकडे दिलेत हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच लिहून टाका.