दोन संगणक, एकच कीबोर्ड

टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप असे दोन्ही असले की दोन कीबोर्ड, दोन माउस अशी गर्दी होते. केव्हीएम स्विच नावाची छोटी डबी ती टाळते. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर डबीला जोडायचे, डबीतून दोन्ही संगणकांकडे केबली न्यायच्या. बटण दाबलं की सगळं दुसऱ्या संगणकाकडे जातं.

बटणापर्यंत हातही न्यावा लागत नाही. बऱ्याच स्विचवर स्क्रोल लॉक पटकन दोनदा दाबून मग 1 किंवा 2 दाबायचं. (काहींत कंट्रोल दोनदा, माहितीपत्रक पाहावं.) स्क्रोल लॉक सोयीची, कारण ती कळ आता क्वचितच कुणी वापरतं. ही खूण विंडोज ओळखत नाही, डबी स्वतः ओळखते. म्हणून एक संगणक गोठला तरी दुसऱ्याकडे जाता येतं.

मेख इथेच आहे. डबीला कळा वाचता याव्यात म्हणून कीबोर्ड त्याचं चित्र असलेल्या पोर्टातच लावावा लागतो. शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टात लावला तर टायपिंग नीट होतं, पण हॉटकी दाबून काहीच घडत नाही. अशा वेळी स्विच बिघडला असं न समजता आधी पोर्ट बदलून पाहावा. उलट, जादा कळांचे गेमिंग कीबोर्ड कधी कधी त्या खास पोर्टात अडखळतात. मग ते साध्या पोर्टात लावून डबीवरचं बटणच वापरायचं.