वाट एकदाच वळते

कागदावर एक उलटं झाड काढा. मूळ वर, फांद्या खाली. संगणकाचा अभ्यास करणारे झाड असंच काढतात. प्रत्येक गाठीला ते नोड म्हणतात, आणि एका नोडला खाली जास्तीत जास्त दोनच फांद्या फुटू शकतात, म्हणून हे बायनरी ट्री. आता प्रत्येक नोडवर एक आकडा लिहा, अधिकही चालेल, उणेही चालेल.

```
          -12
         /    \
        6      3
       / \    / \
      7   5  -8  12
```

प्रश्न असा: कुठल्याही नोडपासून निघायचं, फांद्यांवरून चालत कुठल्याही नोडवर थांबायचं. एका नोडवर दुसऱ्यांदा पाय ठेवायचा नाही. निदान एक नोड तरी घ्यायलाच हवा. वाटेत भेटलेल्या आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त किती होईल? वाट मुळातून निघायलाच हवी असं नाही, पानापर्यंत जायलाच हवी असंही नाही. खालून वर चढून दुसऱ्या फांदीने पुन्हा खाली उतरलं तरी चालेल.

झाडात कुठल्याही दोन नोडांमध्ये एकच वाट असते. त्यामुळे वाटा मोजता येतात. एकाच नोडवर सुरू होऊन तिथेच संपणारी वाटही धरली, तर वरच्या सात नोडांच्या झाडात 28 वाटा आहेत. त्या हाताने तपासता येतील. पण हजार नोडांच्या झाडात त्या 5,00,500 होतात. एकेक वाट चालून बेरीज करत बसणं हा रस्ता नव्हे.

वाट कशी दिसते ते नीट पाहिलं की सुटका मिळते. घाटातून जाणारा माणूस एका बाजूने चढतो, माथ्यावर पोहोचतो आणि पलीकडे उतरतो. झाडातली वाटही तशीच असते. खाली उतरायला एकदा सुरुवात केली की पुन्हा वर चढता येत नाही, कारण वर जायची वाट एकच आणि ती आपण तुडवून आलेलो असतो. म्हणून प्रत्येक वाटेला एक आणि एकच माथा असतो, म्हणजे तिच्यातला सगळ्यांत वरचा नोड. वाट वळते ती तिथेच. सरळ उतरणाऱ्या वाटेचा माथा म्हणजे तिचं वरचं टोक.

मग सगळ्या वाटांऐवजी माथे तपासले की पुरे. प्रत्येक नोडला विचारायचं, ‘तू माथा असशील तर सगळ्यांत चांगली वाट किती बेरजेची?’ उत्तर सोपं आहे: त्याचा स्वतःचा आकडा, अधिक डावीकडे उतरणारी सर्वांत चांगली वाट, अधिक उजवीकडे उतरणारी सर्वांत चांगली वाट. याला आपण दुहेरी बेरीज म्हणू.

पण ती डावी-उजवी उतरण नोडला कळणार कशी? खालच्या नोडने सांगायची. आणि इथे या प्रश्नाची सगळी मेख आहे. खालचा नोड वर जे सांगतो ती त्याची दुहेरी बेरीज नसते. वरून येणारा वाटसरू त्या नोडवर आला की डावीकडे उतरेल किंवा उजवीकडे. दोन्हीकडे जाणं त्याला शक्य नाही. म्हणून वर कळवायची ती एकेरी बेरीज: स्वतःचा आकडा आणि दोन उतरणींपैकी चांगली एकच. दुहेरी बेरीज वर पाठवायची नाही, आजवरच्या विक्रमाशी तिची तुलना करायची आणि मोठी असली तर विक्रम म्हणून नोंदवायची.

आता आपल्या झाडावर खालून वर जाऊ. 7 आणि 5 ही पानं आहेत, खाली काहीच नाही, म्हणून ती स्वतःचेच आकडे वर कळवतात. 6 या नोडची दुहेरी बेरीज 7 + 6 + 5 = 18. विक्रम 18. वर मात्र तो 6 + 7 = 13 एवढंच कळवतो. उजवीकडे 3 या नोडला −8 आणि 12 ही दोन पानं. −8 च्या बाजूला गेलं तर नुकसानच आहे, आणि जायची सक्ती नाही. म्हणून उणे उतरण शून्य धरायची. 3 ची दुहेरी बेरीज 0 + 3 + 12 = 15, विक्रम तसाच राहिला. वर तो 15 कळवतो. शेवटी मूळ: −12 + 13 + 15 = 16. हेही 18 पेक्षा कमीच. उत्तर 18, आणि वाट 7, 6, 5. ती मुळाला शिवतही नाही.

हेच काम प्रोग्रामच्या भाषेत प्रत्येक नोडसाठी चार ओळींत मावतं:

```python
l = max(0, walk(node.left))
r = max(0, walk(node.right))
best = max(best, node.val + l + r)
return node.val + max(l, r)
```

तिसऱ्या ओळीत दुहेरी बेरीज, चौथीत एकेरी. नवशिक्याची चूक बहुधा या दोन ओळींच्या मध्ये होते: तो चौथ्या ओळीतही `l + r` लिहितो. मग 6 हा नोड वर 13 ऐवजी 18 कळवतो आणि मुळाशी −12 + 18 + 15 = 21 असं उत्तर येतं. आकडा मोठा दिसतो, पण तो कुठल्याच वाटेचा नाही. 7 आणि 5 दोन्ही घेऊन शिवाय मुळापर्यंत चढायचं तर 6 वरून दोनदा जावं लागेल. उत्तराबरोबर वाटही लिहून काढली की ही चूक लगेच उघडी पडते.

दुसरी चूक विक्रमाच्या सुरुवातीची. `best` शून्यापासून सुरू केला तर वरच्या झाडात काही बिघडत नाही. पण मुळावर −3 आणि खाली −7 व −2 असं झाड घ्या. निदान एक नोड घ्यायचाच आहे, तेव्हा खरं उत्तर −2. शून्यापासून सुरू केलेला प्रोग्राम शून्य सांगतो, आणि त्या झाडात शून्य कुठेच नाही. म्हणून `best` उणे अनंतापासून, `float("-inf")` पासून सुरू करायचा. उतरण शून्य धरता येते, कारण ती टाळता येते. माथा टाळता येत नाही.

प्रत्येक नोडला एकदाच विचारलं जातं, म्हणून हजार नोडांना हजार वेळाच थांबावं लागतं. अट इतकीच की मुलांचं उत्तर आल्याखेरीज पालकाने बोलायचं नाही. याचा एक त्रासही आहे. प्रत्येक नोडला खाली एकच फांदी असली तर झाड म्हणजे लांब साखळी होते, आणि सगळे पालक शेवटच्या पानाची वाट बघत ताटकळतात. पायथॉन एरवी अशी साधारण हजारांची रांग सोसतो, त्यापुढे `RecursionError` दाखवून थांबतो. अशा वेळी थांबलेल्या नोडांची यादी स्वतः ठेवावी लागते.

साखळीत वळायला जागाच नसते, तेव्हा प्रश्न उरतो तो एका ओळीत लिहिलेल्या आकड्यांमधला सलग तुकडा निवडण्याचा. तो प्रश्न आधीपासून प्रसिद्ध होता. संख्याशास्त्रज्ञ जे केडन यांनी त्यावर शोधलेली एका फेरीची रीत जॉन बेंटली यांनी 1984 साली आपल्या सदरातून लोकांपुढे आणली. आतापर्यंतची बेरीज उणे झाली की ती सोडून द्यायची, ही तिथली युक्ती आपण −8 ला शून्य धरताना वापरलीच. झाडाने तिच्यात भर घातली ती माथ्यावरच्या दोन हिशेबांची.

नोडांमध्ये एखादी जास्तीची जोडणी काढून वर्तुळ झालं, की मात्र वर कुठलं आणि खाली कुठलं हे ठरत नाही आणि दोन नोडांमध्ये अनेक वाटा निघतात. असं जाळं कितीही गुंतागुंतीचं असू शकतं असं धरलं, तर कुठलाही नोड दोनदा न घेणारी सर्वांत मोठ्या बेरजेची वाट झटपट शोधणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. झाडात ती सापडते, कारण तिथे प्रत्येक वाटेला एकच माथा असतो.