ऑर्डर पुन्हा कधी सुरू होणार?

२०२५ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांत गिऱ्हाइकांना कार्ड टेकवून पैसे भरता येईनात. ऑनलाइन मागवलेला माल दुकानातून उचलण्याची सोयही अडली. २२ एप्रिलला कंपनीने सायबर हल्ला झाल्याचं जाहीर केलं आणि मुख्य अधिकारी स्टुअर्ट मॅचिन यांनी ग्राहकांची माफी मागितली. तीन दिवसांनी, २५ एप्रिलला, वेबसाइट आणि अ‍ॅपवर ऑर्डर घेणंच थांबवलं. कंपनीच्या कपडे आणि घरगुती वस्तूंच्या विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ऑनलाइन होतो. रोजची ऑनलाइन विक्री सुमारे ३८ लाख पौंड होती, असं त्या वेळी सांगितलं जात होतं.

त्या दिवशीचा ग्राहकांसाठीचा संदेश चार-पाच वाक्यांचाच होता. ऑर्डर घेणं आम्ही थांबवलं आहे, माल साइटवर पाहता येईल, दुकानं उघडी आहेत, गैरसोयीबद्दल मनापासून माफी, एवढाच त्याचा मतलब. ऑर्डर पुन्हा कधी सुरू होतील, याचा त्यात उल्लेखही नव्हता. पुष्कळ ग्राहक त्यावर चिडले, आणि ते स्वाभाविकच होतं. वाचणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. पण मला तो संदेश प्रामाणिक वाटतो, कारण त्या दिवशी ती तारीख खरोखरच कोणाला ठाऊक नव्हती.

चेअरमन आर्ची नॉर्मन यांनी जुलैमध्ये ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे सांगितलं, की हल्लेखोर १७ एप्रिललाच आत शिरले होते. त्यांनी दुसऱ्याच कोणाची तरी बेमालूम बतावणी केली आणि त्यात एका बाहेरच्या कंपनीचा दुवा वापरला गेला. असा चोर आत आला, की नुसती साइट दुरुस्त करून भागत नाही. तो कुठे कुठे फिरला हे आधी शोधावं लागतं, प्रत्येक यंत्रणा तपासून मगच पुन्हा जोडावी लागते. ऑर्डर घेण्यामागे मालाचा साठा, गोदाम, पैसे भरणं आणि कुरिअर या सगळ्या यंत्रणा एकमेकींवर विसंबून असतात. इंग्लंडमधल्या कॅसल डोनिंग्टनच्या प्रचंड गोदामातल्या कंत्राटी कामगारांना त्या दिवसांत घरी थांबायला सांगितलं होतं. साइट तासाभरात उघडली असती, तरी पार्सल बांधायला नेहमीइतके हात नव्हते.

तारीख मिळाली ती २१ मे रोजी, आणि तीही तारीख नव्हे, अंदाज होता. ऑनलाइन व्यवहारातला अडथळा जूनभर राहील आणि जुलैतही काही काळ जाणवेल, आणि नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल, असं कंपनीने सांगितलं. १० जूनला, म्हणजे ४६ दिवसांनी, ऑर्डर सुरू झाल्या. पण तेव्हाच्या संदेशात मर्यादा स्पष्ट लिहिल्या होत्या: सध्या निवडक कपडेच मिळतील, घरपोच माल इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जाईल, उत्तर आयर्लंडला पुढच्या काही आठवड्यांत. दुकानातून माल उचलण्याची सोय तर ११ ऑगस्टला परतली. अंदाज मोठा ठेवला होता म्हणून सुरुवात त्याच्या आत झाली, आणि ‘सुरू’ या शब्दाचा अर्थ नेमका काय, हेही ग्राहकाला कळलं.

याच्या उलट उदाहरणही ब्रिटनमधलंच आहे. टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांवर ग्राहकांची खाती जुन्या संगणक यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली आणि लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. २५ एप्रिलला मुख्य अधिकारी पॉल पेस्टर यांनी अ‍ॅप आणि नेट बँकिंग पुन्हा चालू झाल्याचं ट्विटरवर जाहीर केलं. तेव्हाही असंख्य ग्राहकांची लॉगिनची धडपड चालूच होती. यंत्रणा त्यांच्या तंत्रज्ञांच्या लेखी चालू झाली असेल. पण ग्राहकाच्या हातातला फोन वेगळंच सांगत होता. संसदेच्या समितीने पेस्टर यांच्यावर विश्वास उरला नसल्याचं म्हटलं, सप्टेंबरमध्ये ते पायउतार झाले, आणि २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड झाला. दंड मूळ बिघाडाबद्दलचा होता, पण लोकांचा राग त्या अवेळी दिलेल्या दिलाशाने कितीतरी वाढवला.

साइट उघडणं आणि ऑर्डर घेता येणं यांत एवढं अंतर का पडतं, ते छोट्या दुकानाच्या हिशेबात चटकन कळतं. समजा, रत्नागिरीचे एक आंबेवाले पाच डझनांच्या हापूसच्या पेट्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता त्यांची साइट बंद पडते. सर्व्हरची डिस्क गेली आहे. साइट सांभाळणारा मुलगा पहाटे चारचा बॅकअप चढवतो आणि रात्री साडेनऊला साइट पुन्हा दिसू लागते. पहाटे चारला १४० पेट्या शिल्लक होत्या, म्हणून साइटही १४० दाखवते.

घोटाळा इथे आहे. पहाटेपासून संध्याकाळी सातपर्यंत ३८ पेट्यांच्या ऑर्डर आल्या होत्या. त्यांची नोंद डिस्कबरोबर गेली, पण पैसे पेमेंट गेटवेकडे जमा आहेत. शिवाय गेटवेच्या यादीत ३८ नव्हे, ४३ यशस्वी व्यवहार दिसतात. उरलेले पाच जण पैसे भरत असतानाच सर्व्हर पडला. बँकेतून पैसे गेले, गेटवेने ‘पैसे आले’ असा निरोप पाठवला, पण तो घ्यायला साइट जागेवर नव्हती, म्हणून ऑर्डर तयारच झाली नाही. खऱ्या हिशेबाने विकायला ९७ पेट्याच उरल्या आहेत. साडेनऊला ऑर्डर सुरू केल्या, तर ४३ पेट्या दोनदा विकल्या जाण्याची भीती आहे, आणि सणाच्या दिवशी पैसे भरून आंबा न मिळालेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

म्हणून आधी ताळा लावायचा. गेटवेच्या यादीतला प्रत्येक व्यवहार क्रमांक आणि साइटवरची ऑर्डर समोरासमोर ठेवायची. ३८ जणांचे पत्ते बहुधा सापडतात, कारण ऑर्डर नोंदल्यावर ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलची एक प्रत दुकानाच्या मेलबॉक्समध्येही येते. पाच जणांना मात्र फोन करून विचारावं लागतं: पेटी पाठवू की पैसे परत करू? हे काम रात्री आणि सकाळी मिळून उरकतं. म्हणजे ग्राहकाला सांगायची वेळ साडेनऊ नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा.

पैशांबाबत आणखी एक फरक लिहिणाऱ्याला माहीत हवा. दुकानाच्या गेटवे खात्यात पोचलेले पैसे दुकानदारालाच परत पाठवावे लागतात. वाट पाहून ते आपोआप फिरत नाहीत. खात्यातून कापले गेले पण दुकानापर्यंत पोचल्याची खात्रीच झाली नाही, अशा रकमेसाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट किंवा ऑनलाइन कार्ड पेमेंट असं अडकलं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवं. त्याहून उशीर झाला, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. हा तपशील संदेशात असला, की अर्धे फोन येतच नाहीत.

आता आमच्या आंबेवाल्यांनी रात्री दहाला काय लिहावं? मी असं लिहीन:

“नमस्कार. आज संध्याकाळी ७ वाजल्यापासून आमची वेबसाइट बंद पडली आहे. ऐन सणाच्या तोंडावर तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल माफी मागतो. सर्व्हर बिघडल्यामुळे आजच्या ऑर्डरची नोंद गेली आहे. पैशांची नोंद मात्र सुरक्षित आहे आणि आम्ही ती एकेक करून जुळवत आहोत. पहाटे ४ नंतर तुम्ही ऑर्डर दिली असेल, तर पुन्हा देऊ नका. उद्या सकाळी १० पर्यंत तुम्हाला खात्रीचा मेसेज येईल. पैसे कापले गेले पण ऑर्डरचा ईमेल आला नाही, तर पुन्हा पैसे भरू नका; आम्ही फोन करू. नव्या ऑर्डर उद्या सकाळी ११ ला सुरू करण्याचा प्रयत्न आहे. त्यात बदल झाला, तर साडेदहालाच कळवू. पैसे परत करण्यासाठी आम्ही ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीही मागत नाही.”

यातलं शेवटचं वाक्य कोणी कापू नये. दुकान बंद पडल्याची बातमी फुटली, की ‘रिफंडसाठी इथे दाबा’ असे लिंक फिरू लागतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. मार्क्स अँड स्पेन्सरनेही १३ मे रोजी ग्राहकांची काही वैयक्तिक माहिती चोरीला गेल्याचं कबूल केलं, तेव्हा आमच्या नावाने येणाऱ्या फोन आणि ईमेलपासून सावध राहा, असं बजावलं होतं.

संदेशात ‘काही तांत्रिक कारणास्तव’ असं लिहिलेलं नाही, हेही पाहा. त्या शब्दांतून ग्राहकाला काहीच हाती लागत नाही. ‘आजच्या ऑर्डरची नोंद गेली आहे’ हे वाचून मात्र आपलं नाव त्यात आहे का, ते त्याचं तोच ताडून पाहतो. ‘लवकरच’ हा शब्दही टाळला आहे. खरी वेळ माहीतच नसेल, तर पुढची खबर कधी देणार ती वेळ द्यावी आणि ती पाळावी, मग त्या वेळी सांगायला ‘अजून काम चालू आहे’ एवढंच असलं तरी चालेल. वेळ टळणार हे दिसताच आधी कळवायचं. अकराला ऑर्डर द्यायला बसलेल्या माणसाला सव्वाअकराला कळवून उपयोग नाही.

आणि हा संदेश साइटवर ठेवून भागत नाही, कारण साइटच बंद आहे. तो व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस आणि ईमेलवर जायला हवा, आणि त्यासाठी ग्राहकांचे नंबर बंद पडलेल्या सर्व्हरबाहेर कुठेतरी साठवलेले हवेत. बिघाड झाल्यावर हे लक्षात येणारी दुकानं पुष्कळ आहेत.

दुसऱ्या दिवशी अकराला जाणारा दुसरा संदेश आणखी छोटा असतो, पण त्याआधी त्या ४३ जणांना वेगवेगळे मेसेज गेलेले असले पाहिजेत. मग सगळ्यांसाठी: ऑर्डर सुरू झाल्या आहेत, ९७ पेट्या शिल्लक आहेत, मुंबई-पुण्याच्या पेट्या आज निघतील, नागपूर आणि संभाजीनगरच्या पेट्या उद्याच्या गाडीने, अक्षय्य तृतीयेला आज कोणाकडेही पेटी पोचणार नाही, आणि ज्यांना सणासाठीच हवी होती त्यांनी कळवलं, तर पूर्ण पैसे आजच परत पाठवू.