‘त्यामुळे’ बदलताना

मसुद्यातल्या प्रत्येक ‘त्यामुळे’खाली रेघ मारा. एका पानावर पाच निघाले, तरी लगेच समानार्थी शब्द शोधू नका. आधी वाक्ये ‘कारण’ घालून उलटी वाचा.

‘पाऊस लांबला, त्यामुळे विहिरी आटल्या.’ उलटे केले, तर ‘विहिरी आटल्या, कारण पाऊस लांबला’. अर्थ टिकला, म्हणजे ‘परिणामी’ चालेल. खरे तर ‘पाऊस लांबल्याने विहिरी आटल्या’ हेच उत्तम; जोडशब्दच गेला.

‘विहिरी आटल्या, त्यामुळे भूजल खाली गेले असावे.’ हे उलटे वाचताच विहिरींनीच भूजल खाली नेले असे होते. इथे कारण नाही, खुणेवरून काढलेले अनुमान आहे. ‘यावरून दिसते की’ हवे.

‘परंतु’चेही तसेच. अपेक्षाभंग असेल तर ‘तरीही’, नुसती तुलना असेल तर ‘याउलट’.